जपाने चिंता जाते, असं म्हणू का?

पत्र

*काही काळापूर्वी मला सतत धडधड, झोप न लागणं आणि काहीतरी वाईट होणार ही भीती असा त्रास होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्याच दिवसांत मी रोज जप करू लागले. आता मी बरी आहे. माझ्या छोट्या व्हिडिओ चॅनेलवर येणारे बरेच जण चिंतेने त्रासलेले असतात, म्हणून जपावर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. स्क्रिप्ट लिहायला बसले की अडते. ‘चिंता जाईल’ म्हणावं तर खोटं वाटतं. ‘डॉक्टरांना भेटा’ म्हटलं की श्रद्धेला धक्का बसतो आणि लोक व्हिडिओ सोडून जातात, असं माझे सहकारी म्हणतात. माझ्या गोळ्यांबद्दल सांगू की नको? शिवाय मागच्या व्हिडिओनंतर एका बाईंनी कळवलं की जपाने बरं वाटतंय म्हणून त्यांनी चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या बंद केल्या. त्यांना काय लिहू?*

उत्तर

स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि आधी त्या बाईंना लिहा. आजच लिहा.

चिंता आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, बरेच दिवस घेतल्यावर एकदम थांबवल्या तर शरीर बंड करतं. झोप उडते, हात थरथरतात, बेचैनी पहिल्यापेक्षा वाढते आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. म्हणून डॉक्टर त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात. चिंतेसाठी रोज घ्यायच्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात, ज्यांचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात. त्या अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखा झटका बसल्याची भावना असे त्रास होतात. मूळचा आजारही लगेच परतत नाही, कधी कधी काही आठवड्यांनी परततो. मधल्या त्या बऱ्या दिवसांत माणसाला मनापासून वाटतं की आता गोळीची गरज उरली नाही. या बाई कदाचित याच दिवसांत असतील.

त्यांना साधारण असं लिहा: ‘जपाने तुम्हाला शांत वाटतंय हे वाचून बरं वाटलं, तो चालू ठेवा. पण गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असू शकतं. ज्यांनी त्या दिल्या त्या डॉक्टरांना आजच सांगा की मी अमुक दिवसापासून घेत नाहीये. पुन्हा सुरू करायच्या का आणि किती, हेही त्यांनाच ठरवू द्या. हातपाय थरथरत असतील, काही सुचत नसेल किंवा झटका आला तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा.’ त्यांना रागावू नका. डॉक्टरांकडे जायला आधीच संकोचलेला माणूस ओरडा खाल्ल्यावर आणखी मागे सरतो.

आता तुमचं स्क्रिप्ट. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. जपाबद्दल बोलायचं तर एकतर मोठं आश्वासन द्यावं लागेल, नाहीतर ते इतकं पातळ करावं लागेल की ऐकण्यासारखं काही उरणार नाही, असं तुम्हाला वाटतंय. मला हे पटत नाही. जप शरीरावर नेमकं काय करतो हे नीट सांगितलं तर ते पुरेसं रोचक आहे, आणि त्यासाठी एकही खोटा शब्द लागत नाही.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, तर कधी ‘ओम मणी पद्मे’ हा मंत्र. दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. एरवी शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास इतका संथ झाल्यावर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येऊ लागले आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा जास्त तत्पर झाली. शब्द वेगळे, भाषा वेगळी, धर्म वेगळा, तरी परिणाम जवळपास सारखा. दोन्हींत सारखं होतं ते ओळीची लांबी: एका श्वासात बसेल एवढी, आणि संपताना श्वास आपोआप लांबवणारी.

या अभ्यासाला जितकं बोलता येतं तितकंच त्याच्या तोंडी घाला. ती माणसं निरोगी होती, थोडी होती आणि मोजमाप म्हणत असतानाचं होतं. चिंतेचा आजार असलेल्यांचा आजार जपाने बरा झाला, असं हा अभ्यास म्हणत नाही. ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ हे वाक्य स्क्रिप्टमध्ये कुठे असेल तर काढून टाका. त्याऐवजी म्हणा: ‘संथ लयीत म्हटलेल्या ओळी श्वास हळू करतात, आणि श्वास हळू झाला की धडधड आणि घालमेल थोडी उतरते, असं अनेकांना जाणवतं.’ या वाक्यातला प्रत्येक शब्द तुम्ही ठामपणे उच्चारू शकाल, आणि आवाजातला तो ठामपणा बघणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

जपाचा दुसरा उपयोग शब्दांचा आहे. चिंता बहुतेक वेळा डोक्यात वाक्यांच्या रूपाने फिरते: ‘असं झालं तर’, ‘तसं झालं तर’. तोंडाने आणि कानाने एकच ओळ धरून ठेवली की त्या वाक्यांना जागा कमी मिळते. ती जात नाहीत, जप संपल्यावर परत येतात. पण दहा मिनिटं त्यांच्या तावडीतून सुटलेला माणूस नंतर त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू शकतो. हेही अगदी असंच, याच मापाने सांगा.

आता सरावाचा भाग. जपाचे बरेचसे व्हिडिओ इथेच बिघडतात. पार्श्वसंगीतावर कुणीतरी न थांबता, भरभर मंत्र म्हणत असतं. शांत माणसाला ते चालून जातं. घाबरलेला माणूस मात्र त्या आवाजाबरोबर राहण्यासाठी मध्येमध्ये झटक्यात, छाती भरून श्वास घेतो. असे जोरकस श्वास सलग घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, छातीत दडपल्यासारखं होतं. म्हणजे ज्या लक्षणांना घाबरून तो व्हिडिओकडे आला, तीच लक्षणं व्हिडिओ त्याला देतो.

म्हणून तुमच्या स्क्रिप्टमध्ये शब्दांइतकीच शांतताही लिहिलेली असावी. मी ती अशी लिहीन. एक फेरी १० सेकंदांची: सुमारे ६ सेकंद ओळ म्हणायची, शेवटचं अक्षर लांबवत, आणि सुमारे ४ सेकंद तुम्ही पूर्ण गप्प. त्या गप्प वेळेत बघणारा नाकाने सावकाश श्वास घेईल. स्क्रिप्टमध्ये त्या जागी ‘४ सेकंद शांत’ असं चक्क लिहून ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग करताना तुम्ही ती भरून काढाल, बोलणाऱ्या प्रत्येकाला तो मोह होतो. अशा ३० फेऱ्या म्हणजे ५ मिनिटं. नव्या, चिंताग्रस्त माणसाला पहिल्या दिवशी एवढं भरपूर आहे. याच गतीने १०८ मण्यांची पूर्ण माळ करायची तर १८ मिनिटं लागतात, आणि अर्ध्यात सोडली की ‘माझ्याकडून एवढंही होत नाही’ ही एक नवी चिंता त्याला लागते. माळ ज्यांची आहे त्यांची राहू दे, तुम्ही व्हिडिओत आकडा देऊ नका.

‘खोल श्वास घ्या’ हे वाक्यही गाळा. ते ऐकून लोक खांदे उचलून मोठा श्वास घेतात. ‘श्वास येईल तसा येऊ द्या, सोडताना मात्र ओळ संपेपर्यंत सावकाश सोडा’ एवढं म्हणा. ज्याला ६ सेकंद जड जातात त्याने ४ मध्ये ओळ संपवावी, असंही सांगा. डोळे मिटणं ऐच्छिक ठेवा. डोळे मिटले की काहींना शरीरातली प्रत्येक धडधड मोठी ऐकू येते, त्यांनी समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे पाहत म्हटलं तरी चालतं.

ओळ कोणती, हा निर्णयही बघणाऱ्यावर सोपवा. तुम्ही तुमची ओळ म्हणून दाखवा, पण सांगा की आपल्या श्रद्धेतलं नाव, प्रार्थनेतली ओळ किंवा श्रद्धा नसेल तर ‘मी इथे आहे’ एवढे साधे शब्द घेतले तरी श्वासाचं काम तसंच होतं. श्रद्धावान माणसासाठी नामाचा अर्थ श्वासापलीकडचा आहे, आणि तो त्याच्यापाशी राहील. तुम्ही श्वासाबद्दल बोललात म्हणून तो कमी होत नाही.

कोणाला हे मानवत नाही, ते लिहायचं टाळू नका. चिंता असलेल्या काही माणसांना शांत होऊ लागल्यावरच भीती वाटते. सावधपणा सुटला की काहीतरी होईल, असं त्यांच्या मनाने वर्षानुवर्षं शिकलेलं असतं. असा माणूस तिसऱ्या मिनिटाला घाबरून व्हिडिओ बंद करतो आणि समजतो की आपल्यातच काहीतरी फार बिघडलंय. त्याच्यासाठी सरावाच्या आधी दोन वाक्यं ठेवा: ‘मध्येच बेचैनी वाढली तर थांबा, डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, थोडं चाला. असं काही जणांना होतं, तुमचं काही चुकलेलं नाही.’ दर वेळी असंच होत असेल तर त्याने हा उपाय धरून बसू नये, आणि आपल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला हे सांगावं.

दुसऱ्या गटाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांचा त्रास बाहेरून भक्तीसारखा दिसतो. एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका व्यक्तीचं नाही, पण असं घडतं. एक तरुण आईला काही होईल या विचाराने घाबरतो. जप केला की बरं वाटतं. काही दिवसांनी जप करताना एक वाईट विचार मनात येतो, तेव्हा ती फेरी ‘बाद’ धरून तो पुन्हा सुरुवात करतो. मग उच्चार चुकला तरी पुन्हा. मग ठरावीक संख्या पूर्ण झाल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. १० मिनिटांचा जप दोन तासांवर जातो. त्याच्यासाठी जप आता चिंतेला खतपाणी घालतोय. प्रत्येक फेरीला मन शिकतं की आई सुखरूप आहे ती मी बरोबर म्हटलं म्हणूनच. हा मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात तो, असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण तुमच्या व्हिडिओने त्याला ‘जितका जास्त जप तितकी शांती’ असं सांगितलं, तर तो उपचारांपासून आणखी दूर जाईल.

ओळखायची खूण सोपी आहे, ती स्क्रिप्टमध्ये जरूर द्या. जप एक दिवस चुकला तर काय वाटतं? ‘आज राहिला, उद्या करू’ असं वाटलं तर ती सवय आहे. ‘आता काहीतरी वाईट होणार’ असं वाटलं, किंवा मोजणं आणि पुन्हा सुरू करणं थांबवता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायची वेळ आली आहे. म्हणूनच ‘एकही दिवस खंड पडू देऊ नका’ ही प्रेरणादायी वाटणारी ओळ तुमच्या व्हिडिओत नसावी. ‘अमुक दिवस सलग केलं तर फळ मिळेल’ हीसुद्धा नको.

रात्ररात्र जागून, तासन्‌तास जप करण्याचं आव्हानही कधी देऊ नका. ज्यांना पूर्वी कधी मनाची अतिउत्तेजित अवस्था आली आहे किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू आले आहेत, त्यांच्यासाठी झोप मोडणं हाच मोठा धोका असतो.

डॉक्टरांच्या वाक्याने श्रद्धेला धक्का बसतो, असं तुमचे सहकारी म्हणतात. मला वाटतं, धक्का त्या वाक्याच्या जागेमुळे आणि स्वरामुळे बसतो. शेवटी घाईघाईत वाचलेली सूचना ऐकताना बघणाऱ्याला कळतं की ही तुम्ही स्वतःला वाचवण्यासाठी म्हणताय. तीच गोष्ट दुसऱ्या मिनिटाला, सराव सुरू होण्याआधी, तुमच्या रोजच्या आवाजात आली तर ती काळजी वाटते. शेवटापर्यंत बरेच जण थांबतही नाहीत. शिवाय ‘गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या’ यातून कुणालाच काही कळत नाही. चिंतेत असलेल्या माणसाला गरज कधी आहे, हेच तर ठरवता येत नसतं.

मी त्या जागी असं काहीतरी लिहीन: ‘सुरू करण्याआधी एक सांगते. तुमच्या गोळ्या चालू असतील तर त्या तशाच चालू ठेवा, जप त्यांच्या जोडीने होतो. काळजीमुळे काही आठवडे झोप, काम किंवा घरातलं वागणं बिघडलं असेल, भीतीने बाहेर जाणं सुटत चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. कधी कधी धडधडीमागे थायरॉइड किंवा रक्त कमी असणं अशी शारीरिक कारणंही निघतात, ती तपासणीतच कळतात. आणि छातीत नव्याने दुखत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर हा व्हिडिओ आत्ता बंद करा आणि लगेच मदत घ्या, जवळच्या माणसाला सोबत बोलवा.’ वाचायला मिनिटभरही लागत नाही. मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक पडद्यावर दाखवा आणि त्याआधी स्वतः फोन करून तो चालू आहे याची खात्री करून घ्या.

हे ऐकून काही जण जातील, हे खरं आहे. त्यांतले काही डॉक्टरांकडे जातील. ती गळती मी नुकसान मानणार नाही.

तुमच्या स्वतःच्या गोळ्यांबद्दल. तुमचा आजार आणि उपचार ही तुमची खासगी गोष्ट आहे, ती सांगायला तुम्ही कुणालाही बांधील नाही. पण तुम्ही स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून मांडणार असाल, तर तो अर्धा मांडता येणार नाही. ‘मी खूप चिंतेत होते, जप सुरू केला आणि बरी झाले’ यातला प्रत्येक तुकडा खरा असला तरी ऐकणारा त्यातून जे समजेल ते खरं नाही. गोळ्यांनी किती फरक पडला, जपाने किती, नुसत्या काळाने किती, हे तुम्हालाही वेगळं करून दाखवता येणार नाही, आणि तसं करायची गरजही नाही. तेव्हा दोनच रस्ते उरतात. एकतर आपली गोष्ट पूर्ण वगळा आणि फक्त सराव शिकवा, व्हिडिओ त्यानेही उभा राहतो. किंवा पूर्ण सांगा: ‘माझे उपचार चालू होते, त्याच काळात जप सुरू केला. उपचारांनी मला सावरलं आणि जपाने मला माझे दिवस काढायला सोबत दिली.’ गोळीचं नाव आणि मात्रा मात्र सांगू नका, कुणीतरी तीच मागायला जाईल.

माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे. श्रद्धा आणि औषध एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदू शकतात, हे ज्यांनी कधी पाहिलेलंच नाही त्यांना ते तुमच्यात दिसेल, आणि गोळ्या बंद करणाऱ्या त्या बाईंसारख्यांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. पण आज ते सांगायचं धाडस होत नसेल तर पहिला रस्ता धरा, तोही तितकाच प्रामाणिक आहे.

शीर्षकाकडेही याच नजरेने पाहा. आत कितीही जपून बोललात आणि वर ‘५ मिनिटांत चिंता गायब’ असं लिहिलंत, तर लोकांच्या लक्षात तेच राहील. ‘घालमेल होत असताना ५ मिनिटं कसा जप करावा’ हे शीर्षक व्हिडिओत जे आहे तेच सांगतं.

रेकॉर्डिंग करण्याआधी दोन चाचण्या करा. घड्याळ समोर ठेवून सरावाचा भाग मोठ्याने म्हणा आणि तुमची फेरी खरोखर १० सेकंदांची होते का बघा, पहिल्यांदा ती बहुधा ७ किंवा ८ ची निघेल. मग चिंतेच्या त्रासातून गेलेल्या एखाद्या मैत्रिणीला मसुदा वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे ऐकून तू गोळी सोडशील का? एक दिवस जप चुकला तर घाबरशील का?’ ती जिथे ‘कदाचित’ म्हणेल, ते वाक्य बदला. जमलं तर तुमच्या डॉक्टरांनाही मधला परिच्छेद दाखवा. त्यांना तुमचा इतिहास माहीत आहे आणि पुढच्या भेटीत त्यासाठी दोन मिनिटं मागायला हरकत नाही.